काचेच्या नळीची साक्ष : प्रसूतिपश्चात रक्तस्राव आणि फायब्रिनोजेनविचाराचा इतिहास

१

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस, नीरा आणि भीमा या नद्यांच्या दरम्यान, बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके पसरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या कोरड्या मुलखात आले, आणि त्यामागून ऊस आला. उसाच्या फडात उंदीर वाढतात आणि उंदरांमागे घोणस येते. त्यामुळे सर्पदंशाचा रुग्ण आल्याबरोबर त्याचे थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे बाजूला ठेवावयाचे, ही रीत अशा बागायती भागातील रुग्णालयांना परिचयाची आहे. वीस मिनिटांनंतर नळी कलती केल्यावर रक्त पातळच वाहिले, तर विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट केली आहे असे समजावयाचे.

हीच नळी प्रसूतिगृहातही वापरली जाते. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेनासा झाला म्हणजे तिच्या रक्ताची परीक्षा याच साधनाने करता येते. परंतु नळी एक असली तरी दोन्ही ठिकाणी तिला विचारला जाणारा प्रश्न एक नाही, आणि तिने दिलेल्या उत्तराचा अर्थही एक नाही. हा भेद कोठून उत्पन्न झाला, आणि तो ध्यानात न घेतल्यास कोणती चूक होते, याचा शोध घेतला असता रक्ताच्या क्लथनाविषयीच्या विचाराचा सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आरंभीच शब्दांविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. मराठीत तूप थिजते, पाणी थंडीने गोठते, आणि रक्त गोठते किंवा साकळते. ‘गोठणे’ हे एकच क्रियापद थंडीने घट्ट होणे आणि क्लथन होणे या दोन अगदी भिन्न घटनांना लावले जाते. रक्तपेढीतील ‘गोठवलेला ताजा रक्तद्रव’ हा थंडीने घट्ट केलेला असतो, साकळलेला नसतो. किंबहुना साकळण्याची त्याची शक्ती शाबूत राहावी म्हणूनच तो गोठवतात. म्हणून पुढील विवेचनात क्लथनाच्या अर्थी शक्यतो ‘साकळणे’ हेच क्रियापद योजिले आहे. रक्त साकळताना ज्या द्रव्याचे तंतू बनतात ते रक्तद्रवातील द्रव्य म्हणजे फायब्रिनोजेन, अर्थात तंतुजनक द्रव्य होय.

२

गर्भवतीच्या रक्तात हे द्रव्य अधिक असते, ही गोष्ट रसायनशास्त्राने सिद्ध करण्यापूर्वीच डोळ्यांना दिसली होती. मात्र तिचा अर्थ कोणाला लागला नव्हता. युरोपात शिरा कापून रक्त काढण्याचा उपचार जोरात होता त्या काळी वैद्य भांड्यातील रक्ताचे निरीक्षण करीत. निरोग्याचे रक्त एकसारखे तांबडे साकळे. ज्वराने वा दाहाने पीडित असलेल्याच्या रक्तावर मात्र पिवळट, चिवट साय धरे. तशीच साय गर्भवतीच्या रक्तावरही धरे, आणि मग तीही रोगाचे चिन्ह मानली जाई. इंग्लंडमधील विल्यम ह्यूसन याने १७७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या सायीची उपपत्ती दिली. रक्त साकळण्यापूर्वी तांबडे कण तळाशी बसतात, आणि वर उरलेला साकळणारा द्रव म्हणजेच ती साय, असे त्याने दाखविले. पुढे १८४० नंतरच्या काही वर्षांत पॅरिस येथे आंद्राल आणि गाव्हारे यांनी रक्तातील तंतू वेगळे करून, वाळवून तोलले. तेव्हा गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत त्यांचे वजन वाढते असे आढळून आले.

या निरीक्षणाला अनपेक्षित वळण मिळाले ते स्वीडनमध्ये. रॉबिन फोरेअस हा गर्भधारणा लवकर ओळखण्याची काही खूण सापडते का हे शोधीत होता. गर्भवतीचे रक्त न साकळेल अशी तजवीज करून उभ्या नळीत ठेवले, तर त्यातील तांबड्या पेशी इतरांच्या मानाने फार लवकर खाली बसतात, असे त्याने १९१८ मध्ये मांडले. रक्तद्रवातील फायब्रिनोजेन वाढल्यामुळे पेशींच्या चळती बनतात व त्या जड होऊन बुडतात. ज्वर आणि दाह यांतही हेच घडत असल्याने गर्भधारणेची परीक्षा म्हणून ही युक्ती टिकली नाही. परंतु आज गावोगावच्या प्रयोगशाळांत ‘ई. एस. आर.’ या नावाने जी तपासणी होते तिचा उगम येथे आहे. गर्भवतीच्या बाबतीत त्या तपासणीचा वाढलेला आकडा रोगाचा निदर्शक का मानीत नाहीत, याचेही उत्तर येथेच मिळते.

आजच्या मापाने सांगावयाचे तर, गर्भवती नसलेल्या निरोगी स्त्रीच्या एक लिटर रक्तद्रवात २ ते ४ ग्रॅम फायब्रिनोजेन असते. गर्भारपणात यकृत ते अधिक प्रमाणात निर्माण करते, आणि पूर्ण दिवस भरल्यावर हे प्रमाण ४ ते ६ ग्रॅमपर्यंत चढते. रक्तद्रवाचे आकारमानही याच काळात वाढलेले असल्यामुळे शरीरातील एकूण साठा त्याहून अधिक वाढतो. सातवा, आठवा आणि दहावा हे क्लथनघटकही वाढतात. साकळण्याला आवर घालणारे ‘प्रोटीन एस’ कमी होते, आणि वारेतून निघणाऱ्या एका प्रतिबंधक द्रव्यामुळे झालेली गुठळी विरघळण्याची क्रिया मंदावते. सगळेच घटक वाढतात असे मात्र नव्हे. अकरावा आणि तेरावा हे घटक काहीसे उतरतात, आणि बिंबाणूंची संख्याही थोडी घटते.

या तयारीचे प्रयोजन उघड आहे. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटास सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. वार सुटली की त्या जागेवरील वाहिन्यांची तोंडे एकदम उघडी पडतात. ती प्रथम मिटतात गर्भाशयाच्या स्नायूंच्या आकुंचनाने. साकळणे हा त्यामागचा दुसरा बंदोबस्त होय. हा क्रम विसरता कामा नये, कारण बहुतेक प्रसूतिपश्चात रक्तस्रावांचे मूळ गर्भाशयाच्या शैथिल्यात असते, रक्तदोषात नसते. मराठीभाषी सीमाभागातील बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात १,६२० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत याचा चांगला पुरावा मिळाला. गावपातळीवरील परिचारिकांनी प्रसूतीनंतर गर्भाशय आवळणारे मिसोप्रोस्टॉल हे औषध तोंडाने दिले, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून शेकडा ६.४ वर आले. रक्ताच्या साकळण्याला हात न लावता, केवळ स्नायू आवळून साधलेला हा परिणाम होता.

३

असे असता रक्त साकळेनासे होण्याचा विचार प्रसूतिशास्त्रात शिरला तो वेगळ्या वाटेने. शिकागोचे प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डीली यांनी १९०१ मध्ये एका मातेची हकीकत प्रसिद्ध केली. तिची वार मुदतीपूर्वीच सुटली होती, आणि त्यानंतर तिचे रक्त कोठेच साकळेना. त्यातच तिचा अंत झाला. रक्तस्रावी प्रकृतीचा जन्मजात दोष नसलेल्या स्त्रीत तो दोष काही तासांत कसा उत्पन्न व्हावा, हे त्या काळी कोडेच होते. १९३६ मध्ये डीकमान यांनी अशा स्त्रियांच्या रक्तातील फायब्रिनोजेन मोजले आणि ते अत्यंत घटलेले आढळले. १९५० च्या सुमारास बॉस्टनमधील वायनर, रीड आणि त्यांचे सहकारी यांनी या घटनेचा पद्धतशीर पाठपुरावा केला. वारेच्या पेशींत साकळण्यास चालना देणारे द्रव्य विपुल असते. वार अकाली सुटली म्हणजे ते मातेच्या रक्तात उतरते, ठिकठिकाणी सूक्ष्म गुठळ्या पडतात, आणि त्यांत फायब्रिनोजेन खर्ची पडून मोठी गुठळी बनविण्यास ते उरत नाही. आधी अतिरेकाने साकळणे आणि म्हणूनच नंतर मुळीच न साकळणे, असा हा उलटा क्रम आहे.

प्रयोगशाळेचे उत्तर येण्यास तास लागत, आणि माता तेवढी थांबत नसे. म्हणून याच वर्तुळात खाटेशेजारच्या नळीला महत्त्व आले. आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रसूतिविषयक मार्गदर्शिकेत तिची कृती दिलेली आहे. शिरेतून २ मिलिलिटर रक्त लहान, कोरड्या, स्वच्छ काचनळीत घ्यावे. नळी बंद मुठीत धरून शरीराच्या उष्णतेवर ठेवावी. चार मिनिटांनी ती हलकेच कलती करून पाहावी, आणि पुढे दर मिनिटास तसेच करावे. सात मिनिटांत गुठळी बनली नाही, किंवा बनलेली गुठळी मऊ असून सहज मोडली, तर साकळण्यात दोष आहे असे धरून चालावे.

सर्पदंशाची नळी याच कुळातली, पण तिची वाढ निराळ्या भूमीत झाली. नायजेरियातील फुरश्यासारख्या सापांच्या दंशावर काम करताना वॉरेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात ती रूढ केली. १९९४ मध्ये ब्राझीलमधील सर्पदंशाच्या रुग्णांवर तिची फायब्रिनोजेनशी पडताळणी झाली, आणि २००७ च्या भारतीय उपचारपद्धतीत तिला स्थान मिळाले. या नळीला मुठीत धरीत नाहीत. ती खोलीच्या तापमानात वीस मिनिटे न हलविता ठेवतात आणि एकदाच कलती करतात.

दोहोंतील फरक केवळ तेरा मिनिटांचा नाही. घोणशीचे विष फायब्रिनोजेन जवळजवळ संपवून टाकते. तेव्हा वीस मिनिटांची नळी ‘आहे की नाही’ एवढेच विचारते, आणि लिटरमागे अर्ध्या ते एक ग्रॅमच्या खाली प्रमाण गेले की स्पष्ट उत्तर देते. बाळंतिणीत ही घसरण बहुधा पायरीपायरीने होते, आणि तिच्या बाबतीत धोक्याची रेषा कितीतरी वर आहे. फ्रान्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १२८ स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले की, रक्तस्राव ओळखला गेला त्या वेळी ज्यांचे फायब्रिनोजेन २ ग्रॅम किंवा त्याहून कमी होते त्या सर्वांचाच रक्तस्राव पुढे गंभीर झाला. दोन ग्रॅम हा आकडा इतर स्त्रियांच्या निरोगी मर्यादेतच मोडतो. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर तो निर्दोष दिसेल; परंतु जिच्याजवळ काही तासांपूर्वी पाच ग्रॅम होते तिच्या दृष्टीने तो निम्म्याहून अधिक ऱ्हास आहे. आणि दोन ग्रॅमवर नळीतील रक्त बहुधा साकळलेलेच दिसते. म्हणून न साकळलेली नळी ही पक्की साक्ष होय. साकळलेली नळी मात्र निर्धास्त राहण्यास पुरेसा आधार नव्हे.

४

हा भेद प्रत्यक्षात काय घडवितो हे पाहण्यासाठी इंदापूर तालुक्यातील दोन स्त्रियांची कल्पना करावी. दोघींचे दिवस भरत आले आहेत. प्रत्येकीच्या शरीरात सव्वातीन लिटर रक्तद्रव आणि लिटरमागे ५ ग्रॅम फायब्रिनोजेन, म्हणजे एकूण सुमारे १६ ग्रॅमचा साठा आहे.

पहिलीची प्रसूती सुखरूप झाली, पण गर्भाशय सैल राहिले आणि एक लिटर रक्त गेले. त्यात सुमारे ६५० मिलिलिटर रक्तद्रव आणि त्याबरोबर ३ ग्रॅमपेक्षा थोडे अधिक फायब्रिनोजेन गेले. शिरेतून क्षारजल देऊन आकारमान भरून काढल्यावर तिचे प्रमाण ४ ग्रॅमवर येते. आणखी एक लिटर गेल्यास ३.२, आणि तिसऱ्या लिटरनंतर सुमारे २.६. केवळ वाहून जाण्याने आणि पातळ होण्याने धोक्याची रेषा गाठण्यास असा पुष्कळ रक्तस्राव व्हावा लागतो. हिच्या बाबतीत पहिले काम गर्भाशय आवळण्याचे, आणि तेच बहुधा पुरेसे ठरते.

दुसरीच्या पोटात अचानक तीव्र कळ आली, पोट लाकडासारखे कठीण झाले, आणि अंगावरून गेलेले रक्त मात्र जेमतेम ३०० मिलिलिटर दिसले. वार अकाली सुटली होती. उरलेले रक्त तिच्या मागे साचून राहिले होते आणि साकळण्यात फायब्रिनोजेन खर्च होत होते. प्रसूतीनंतर बाहेर येणारे रक्त पातळ आहे, त्यात गाठी पडत नाहीत, सुई टोचलेल्या जागेतूनही ते झिरपते, हे पाहून मुठीत नळी धरली गेली. सात मिनिटांनी रक्त पातळच होते. समजा, तिचे प्रमाण १.२ ग्रॅमवर आले आहे, म्हणजे साठा सुमारे ४ ग्रॅम उरला आहे. बाहेर दिसलेल्या रक्तावरून जिची स्थिती सौम्य वाटली असती, तीच या दोघींत अधिक संकटात आहे. येथे वीस मिनिटांची नळी मांडून बसणे म्हणजे ठाऊक झालेल्या गोष्टीसाठी आणखी तेरा मिनिटे घालविणे होय. उलट पक्षी, न साकळण्याचे एक खोटे कारणही असते. साकळण्यास आरंभ काचेच्या पृष्ठभागाच्या स्पर्शाने होतो. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निरोगी रक्तही पातळ राहू शकते. म्हणून नवी, कोरडी काचनळी घ्यावी, आणि शंका असल्यास निरोगी माणसाचे रक्त दुसऱ्या नळीत घेऊन शेजारी ठेवावे.

आता भरपाईचा हिशेब. गोठवलेल्या ताज्या रक्तद्रवाच्या २०० मिलिलिटरच्या एका पिशवीत सुमारे अर्धा ग्रॅम फायब्रिनोजेन असते. चार पिशव्यांतून २ ग्रॅम मिळतात, पण त्याबरोबर ८०० मिलिलिटर द्रवही येतो. दुसऱ्या स्त्रीचे प्रमाण त्यामुळे १.२ वरून जेमतेम दीड ग्रॅमवर जाईल. याच चार पिशव्या ४ ग्रॅम प्रमाण असलेल्या पहिल्या स्त्रीस दिल्या, तर तिचे प्रमाण वाढण्याऐवजी ३.७ वर उतरेल. यात नवल नाही, कारण रक्तदाता गर्भवती नसतो. त्याच्या रक्तद्रवात जे प्रमाण असते ते बाळंतिणीच्या दृष्टीने दारिद्र्यच होय. एखाद्याजवळ मुळात अडीच असतील, तर तो दुसऱ्याचे प्रमाण चारवर कसे नेणार?

यासाठी सांद्र स्वरूपातील फायब्रिनोजेन लागते. बॉस्टनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मानवी रक्तद्रवाचे घटक वेगळे करण्याची पद्धत विकसित झाली होती, आणि त्यातून निघालेले फायब्रिनोजेन १९५० नंतर अशा मातांना दिले गेले. परंतु अनेक दात्यांचे रक्तद्रव एकत्र केल्यामुळे त्यातून काविळीचा संसर्ग होऊ लागला, आणि १९७७ मध्ये अमेरिकेत त्याचे परवाने रद्द झाले. दरम्यान ज्युडिथ पूल यांनी १९६४-६५ मध्ये, गोठवलेला रक्तद्रव हळूहळू वितळविताना तळाशी राहणारा साका वेगळा काढला. तो मूळ हिमोफिलियासाठी होता. पण त्यात फायब्रिनोजेनही भरपूर असल्याने हे ‘क्रायोप्रेसिपिटेट’ प्रसूतिगृहातही आले. त्याच्या एका लहानशा पिशवीत सुमारे ०.२ ग्रॅम फायब्रिनोजेन अवघ्या १५ ते २० मिलिलिटर द्रवात असते. वीस पिशव्या दिल्यास दुसऱ्या स्त्रीचे प्रमाण दोनच्या किंचित वर पोहोचते. मात्र सर्वांस सरसकट फायब्रिनोजेन द्यावे असा याचा अर्थ नव्हे. डेन्मार्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रमाण उतरलेले नसताना आधीच दिलेल्या २ ग्रॅम सांद्र फायब्रिनोजेनाचा काहीही लाभ दिसला नाही.

५

क्रायोप्रेसिपिटेट अतिशीत पेटीत ठेवावे लागते आणि देण्यापूर्वी वितळवावे लागते. ही सोय जेथे नसते तेथून मातेला पुढे पाठविणे प्राप्त होते. इंदापूरहून बारामती सुमारे ५० किलोमीटर आणि पुणे सुमारे १४०. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका चालू आहे, आणि २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरी अंतर ते अंतरच. या प्रवासाच्या हिशेबात आणखी एका औषधाचा इतिहास येऊन मिळतो. जपानमधील उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये ट्रानेक्झॅमिक आम्ल जगापुढे मांडले. ते नवी गुठळी बनवीत नाही, बनलेली विरघळू देत नाही. बाळंतिणीच्या रक्तस्रावावर काही उपाय सापडावा हा ओकामोतोबाईंचा मूळ हेतू होता. पण त्याची मोठी परीक्षा होण्यास अर्धशतक जावे लागले. २०,०६० स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने झालेले मृत्यू शेकडा १.७ वरून १.२ वर आले. तीन तासांनंतर लाभ उरला नाही. पुढील विश्लेषणात असे आढळले की, दर पंधरा मिनिटांच्या विलंबाने हा लाभ सुमारे एक दशांशाने घटतो. एक ग्रॅमची मात्रा दहा मिनिटांत शिरेतून द्यावयाची असते. तिला अतिशीत पेटी लागत नाही, आणि म्हणून ती रुग्णवाहिका निघण्यापूर्वी देण्याजोगी आहे.

मातेबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीचे मोल येथे कळते. ‘रक्त गोठत नाही’ एवढ्या वाक्याने पुढील रुग्णालयास पुरेसा बोध होत नाही. नळी काचेची होती काय, मुठीत होती की टेबलावर, किती मिनिटांनी पाहिली, गुठळी बनलीच नाही की बनून मोडली, आणि ट्रानेक्झॅमिक आम्ल किती वाजता दिले, या गोष्टी लिहिल्या तर माता वाटेत असतानाच तिकडे क्रायोप्रेसिपिटेट वितळविण्यास घेता येते. भांड्यातील साय पाहणाऱ्या वैद्यांनी गर्भवतीच्या रक्ताची समृद्धी हा रोग समजला होता. आज छापील कागदावरील सर्वसामान्य मर्यादा पाहून तिची हानी हेच आरोग्य समजले जाण्याचा संभव आहे. दोन्ही चुकांचे मूळ एकच : गर्भवतीचे रक्त इतरांच्या मापाने मोजणे.